जाहिरात एकच, रस्ते दोन

*ताई, मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. जाहिराती ग्राहकाचं मन कसं वळवतात, यावर निबंध लिहायचा आहे. अभिवृत्ती बदलण्याचे केंद्रीय आणि परिघीय असे दोन मार्ग मी घेतले. इलेक्ट्रिक स्कूटरवर बसलेल्या अभिनेत्रीचं होर्डिंग परिघीय मार्गाखाली टाकलं आणि त्याच स्कूटरची रेंज, वॉरंटी, किंमत सांगणारी वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात केंद्रीय मार्गाखाली. बाईंनी मसुदा परत दिला आणि समासात एवढंच लिहिलं : ‘मार्ग जाहिरातीचा नसतो.’ मग कुणाचा असतो? आणि आता निबंध लिहायचा कसा?*
*– निबंधात अडकलेली, सदाशिव पेठ*

प्रिय मैत्रिणी,

मार्ग बघणाऱ्याचा असतो, आणि तोही त्या वेळेपुरता. बाईंनी तीन शब्दांत नेमक्या जागेवर बोट ठेवलं आहे. या विषयावरचे बहुतेक निबंध तिथेच घसरतात. चेहरा, संगीत, रंग दिसले की परिघीय आणि आकडे, मुद्दे दिसले की केंद्रीय, अशी वाटणी करून मुलं मोकळी होतात. ही वाटणी सोपी आहे, पण ज्यांनी हा सिद्धांत मांडला त्यांनी ती तशी केलेली नाही.

रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओप्पो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या आसपास इलॅबोरेशन लाइकलीहूड मॉडेल मांडलं. त्यांचा मूळ प्रश्न असा होता : समोर आलेल्या संदेशातल्या मुद्द्यांवर माणूस स्वतः किती विचार करतो? मुद्दा वाचून तो आपल्या माहितीशी ताडून बघतो का, मनातल्या मनात होकार-नकार देतो का, की वरवर बघून एखाद्या खुणेवरून मत बनवतो? पहिल्या टोकाला त्यांनी केंद्रीय मार्ग म्हटलं, दुसऱ्याला परिघीय. मधे अखंड पट्टा आहे आणि आपण बहुतेक वेळा त्या पट्ट्यावर कुठेतरी असतो. माणूस त्यावर कुठे असेल हे दोन गोष्टींवर ठरतं : विचार करावासा वाटतो का, म्हणजे प्रेरणा, आणि विचार करणं त्या क्षणी शक्य आहे का, म्हणजे क्षमता.

निबंधात तू एकच प्रयोग सविस्तर लिहिणार असशील, तर १९८३चा रेझरचा प्रयोग लिही. पेटी, कॅसिओप्पो आणि डेव्हिड शूमन यांनी तो मिसुरी विद्यापीठातल्या १६० विद्यार्थ्यांवर केला. जाहिरातींच्या एका पुस्तिकेत खऱ्या जाहिरातींमध्ये ‘एज’ नावाच्या वापरून फेकायच्या रेझरची बनावट जाहिरात मिसळली होती. अर्ध्या मुलांना सांगितलं, की शेवटी तुम्हाला भेट म्हणून एखादा रेझर निवडायचा आहे आणि हा नवा रेझर लवकरच तुमच्या भागात विक्रीला येतो आहे. उरलेल्यांना भेट म्हणून टूथपेस्ट निवडायची होती, आणि रेझर दूर कुठेतरी विकला जाणार होता. म्हणजे पहिल्या गटाचा त्या रेझरशी संबंध होता, दुसऱ्याचा नव्हता.

जाहिरातीत दोन गोष्टी बदलल्या. काहींना रेझरची शिफारस नावाजलेले खेळाडू करताना दिसले, काहींना कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावची साधी माणसं. काहींना भक्कम मुद्दे मिळाले : खास लेपामुळे कापत नाही आणि गंज चढत नाही, मूठ खाचांची असल्यामुळे हातातून निसटत नाही. काहींना कच्चे मुद्दे मिळाले : रेझर पाण्यावर तरंगतो, वेगवेगळ्या रंगांत आणि आकारांत मिळतो, बाथरूमचा विचार करून बनवलेला आहे.

ज्यांना रेझर निवडायचाच होता त्यांच्यावर मुद्द्यांच्या भक्कमपणाचा जोरदार परिणाम झाला आणि खेळाडूंचा काहीच झाला नाही. ज्यांचा रेझरशी संबंध नव्हता त्यांचं मत खेळाडू बघून सुधारलं. आता एक बारकावा, जो निबंधांतून हमखास गळतो. या दुसऱ्या गटावरही मुद्द्यांचा परिणाम झाला होता, फक्त तो कितीतरी कमी होता. म्हणजे एक मार्ग चालू झाला की दुसरा पूर्ण बंद होतो असं नाही. ‘परिघीय मार्गाने गेलेला ग्राहक मुद्दे वाचतच नाही’ असं वाक्य तुझ्या मसुद्यात असेल तर ते काढून टाक.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला जाहिरातीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची वाटते. रेझरबद्दलचं मत आणि तो विकत घेण्याचा इरादा यांचं नातं तपासलं, तेव्हा संबंध असलेल्या गटात सहसंबंध ०.५९ निघाला आणि संबंध नसलेल्या गटात ०.३६. विचार करून बनलेलं मत इराद्याशी जास्त घट्ट बांधलेलं होतं. नुसत्या चेहऱ्यावरून बनलेलं चांगलं मत ‘छान आहे’ म्हणण्यापुरतं खरं असतं, पण त्यातून खरेदीचा इरादा बनेलच असं नाही. अशी मतं लवकर विरतात आणि विरोधी माहिती समोर आली की ढासळतात, असंही या सिद्धांतात सांगितलं आहे. एकाच चेहऱ्याच्या जाहिराती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा का दाखवाव्या लागतात, याचं एक कारण इथे सापडतं.

आता तुझी स्कूटर घेऊ. होर्डिंग नळस्टॉपच्या सिग्नलला लागलं आहे असं समज. अभिनेत्री स्कूटरवर बसली आहे, बाजूला ‘एका चार्जमध्ये १२० किमी, एआरएआय प्रमाणित’ असं लिहिलं आहे आणि खाली बॅटरीवर आठ वर्षं वॉरंटी. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. एआरएआय ही वाहनांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था.

पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाला स्कूटर घ्यायची नाही. तो बघतो, त्याला अभिनेत्री आवडते, स्कूटर चकचकीत दिसते, त्याचं मत थोडं चांगलं होतं आणि बस पुढे जाते. हा परिघीय मार्ग, आणि इथपर्यंत तुझा मसुदा बरोबर होता.

धायरीत राहणाऱ्या आणि हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका बाईंना मात्र दसऱ्याला गाडी घ्यायचीच आहे. रोजचं जाणं-येणं पन्नासेक किलोमीटर. त्या तेच होर्डिंग बघतात आणि मनात हिशेब सुरू होतो. एकशेवीस लिहिलंय, पण मागे मुलगी बसली, वाटेत चढ आला, ट्रॅफिकमध्ये थांबत थांबत गेलं तर किती उरेल? सत्तर उरले तरी एक दिवस निघतो. पण सोसायटीत चार्जिंगला परवानगी मिळेल का? वॉरंटी आठ वर्षं, की अमुक किलोमीटर होईपर्यंत? हा केंद्रीय मार्ग. होर्डिंग तेच, अभिनेत्री तीच.

याच बाई दुसऱ्या दिवशी भर पावसात त्याच सिग्नलला अडकतात. रेनकोटमधून पाणी झिरपतंय, मागचा रिक्षावाला हॉर्न मारतोय. इच्छा कालच्याइतकीच आहे, पण विचार करायला उसंत नाही. आता त्याच बाई पट्ट्यावर परिघाकडे सरकतात. मसुद्यात तू प्रेरणेबद्दल लिहिलं असणारच, क्षमतेबद्दलही लिही. वेळ, गोंगाट, विषयाची आधीची माहिती, मजकूर वाचता येईल इतका मोठा आहे का, या सगळ्यांवर मार्ग ठरतो. पेटी, वेल्स आणि ब्रॉक यांनी १९७६ साली दाखवलं, की ऐकणाऱ्याचं लक्ष विचलित केलं तर भक्कम मुद्द्यांचा प्रभाव घटतो, पण कच्च्या मुद्द्यांचा वाढतो, कारण त्यांना मनातल्या मनात खोडून काढायला सवड मिळत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही त्या जाहिरातदाराला गोंगाट सोयीचा का ठरतो, ते यावरून लिहिता येईल.

वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात तू डोळे झाकून केंद्रीय म्हणालीस. आता ती निवृत्त काकांच्या हातात दे. सकाळचा चहा घेताना ते पान उलटतात. गाडी घ्यायची नाही, चष्मा आतल्या खोलीत आहे. त्यांना बारीक अक्षरांचे दोन रकाने दिसतात आणि ते म्हणतात, “एवढं सगळं लिहिलंय, म्हणजे गाडीत दम असणार.” मुद्दे त्यांनी वाचलेच नाहीत, मोजले फक्त. मुद्द्यांची संख्या ही स्वतःच एक खूण झाली. पेटी आणि कॅसिओप्पो यांनी १९८४ साली हेच तपासलं. विद्यार्थ्यांना एका परीक्षेच्या बाजूने तीन किंवा नऊ मुद्दे दिले. ज्यांना ती परीक्षा द्यावी लागणार नव्हती त्यांना नऊ मुद्दे जास्त पटले, मुद्दे कच्चे असोत की पक्के. ज्यांना ती द्यावी लागली असती त्यांच्या बाबतीत पक्के मुद्दे वाढवले तर सहमती वाढली, आणि कच्चे मुद्दे वाढवले तर उलट घटली. तुझ्या निबंधात हा प्रयोग रेझरच्या लगेच मागे येऊ दे, कारण मजकूर म्हणजे केंद्रीय मार्ग हा समज त्याने पुरता मोडतो.

उलट बाजूने, चेहरा म्हणजे परिघीय हा समजही टिकत नाही. याच संशोधकांच्या शाम्पूच्या जाहिरातीवरच्या अभ्यासात शिफारस करणाऱ्या माणसाचं आकर्षक दिसणं, नीट विचार करणाऱ्यांनाही प्रभावित करत होतं. शाम्पूच्या बाबतीत सुंदर केस हा पुरावा असतो, रेझरच्या बाबतीत खेळाडूचं नाव हा पुरावा नसतो. तुझ्या होर्डिंगवरही असं काही दडलेलं असू शकतं. उंची कमी असलेल्या एखाद्या बाईला तिच्याच उंचीची अभिनेत्री सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवलेली दिसली, तर तो तिच्यासाठी सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. सिग्नलला गाडी तोलता येईल की नाही हे तिला त्या चित्रातूनच कळतं. अशा बाईपुरती ती अभिनेत्री केंद्रीय मार्गावर आहे.

आणि ‘एआरएआय प्रमाणित’ हे शब्द घे. वेताळ टेकडीवरची ही संस्था आपल्याच गावातली. बसमधल्या मुलाला एवढंच कळतं, की कुठल्यातरी मोठ्या संस्थेचा शिक्का आहे, म्हणजे ठीक असणार. इथे तो शिक्का खुणेचं काम करतो. धायरीच्या बाईंना माहीत आहे, की प्रमाणित रेंज ठरवून दिलेल्या परिस्थितीत मोजतात आणि रस्त्यावर ती कमी भरते. त्यामुळे त्यांच्यासाठी तो शिक्का एक आधारविधान बनतो, ज्यावरून त्या पुढचा हिशेब करतात. आणि तिसरी शक्यता : ज्याचं अजून नक्की नाही, घ्यावी की नाही असं ज्याचं चाललं आहे, त्याला तो शिक्का बघून वाटतं, की ही जाहिरात जरा वाचायला हरकत नाही. इथे शिक्क्याने मत बदललं नाही, विचार करण्याचं प्रमाण वाढवलं. तेच दोन शब्द तीन माणसांकडून तीन वेगळी कामं करून घेतात. पेटी आणि कॅसिओप्पो यांनी हे मुद्दाम नोंदवलं आहे, तरीही परीक्षेच्या तयारीच्या नोट्समधून हा भाग सर्रास वगळला जातो याचं मला फार वाईट वाटतं, कारण सिद्धांताचा खरा जीव इथेच आहे.

एका गोष्टीपासून जप. केंद्रीय मार्ग म्हणजे निःपक्षपाती विचार असं लिहू नकोस. एखाद्याच्या घरी त्याच कंपनीची गाडी वीस वर्षं विनातक्रार चालली असेल, तर तो जाहिरातीवर भरपूर विचार करेल, पण तो विचार आधीच एका बाजूला झुकलेला असेल. रेंज कमी वाटली तर तो म्हणेल, “आपल्याला कुठे रोज लांब जायचंय.” विचार खोल आहे, म्हणून मार्ग केंद्रीय. निष्कर्ष शहाणपणाचा असेलच, याची हमी सिद्धांत देत नाही.

निबंधात सिद्धांताची एक कमजोर बाजूही दाखव. मुद्दा भक्कम कशावरून ठरवला? संशोधक आधी काही लोकांना मुद्दे वाचायला देतात, आणि ज्यांच्यामुळे लोकांच्या मनात अनुकूल विचार येतात ते भक्कम, प्रतिकूल येतात ते कच्चे. मुद्दा मुळात कशामुळे भक्कम होतो, हे यातून कळत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याला तर नेमकं तेच हवं असतं. आक्षेप आणखीही आहेत. एरी क्रुग्लान्स्की आणि एरिक थॉम्पसन यांनी १९९९ साली असं मांडलं, की खूण काय आणि मुद्दा काय, दोन्ही शेवटी पुरावाच आहेत, दोन वेगळे मार्ग मानायची गरज नाही. त्यांचं म्हणणं पटलंच पाहिजे असं नाही, पण वर सांगितलेल्या एआरएआयच्या उदाहरणाला लावून बघितलंस तर त्यात किती तथ्य आहे हे तुझं तुलाच ठरवता येईल. मला स्वतःला दोन मार्गांची भाषा उपयोगी वाटते, कारण मत किती टिकेल याबद्दल ती काही सांगू पाहते.

आता निबंध बांधायचा कसा. दोन जाहिराती सोडून दे आणि एकच घे, होर्डिंगची. मग ती वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून लिही. माझ्या धायरीच्या बाई आणि काका काल्पनिक आहेत. तू खरी माणसं शोध. तुझ्या वर्गातल्या, वाड्यातल्या, पुढच्या दोन-तीन महिन्यांत दुचाकी घेणार असलेल्या काही जणांना आणि अजिबात घेणार नसलेल्या काही जणांना त्याच जाहिरातीचा फोटो दाखव. नंतर कोरा कागद दे आणि सांग, “बघताना मनात जे जे आलं ते तीन मिनिटांत लिहा, एका ओळीत एक विचार.” या पद्धतीला विचारनोंद म्हणता येईल. पेटी आणि कॅसिओप्पो यांनी ती भरपूर वापरली. मुद्दे आठवतात का, एवढंच विचारून चालत नाही. माणसाला सगळे मुद्दे पाठ असू शकतात आणि त्यावर त्याने काडीचा विचार केलेला नसतो.

कागद हातात आले की प्रत्येक ओळीसमोर दोन गोष्टी लिही : विचार अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, आणि तो गाडीच्या गुणांबद्दल आहे की बाकी कशाबद्दल. ‘पाच माणसांच्या घरात चार्जिंगचं बिल कोण भरणार’ हा गुणांबद्दलचा प्रतिकूल विचार. ‘हिची साडी मस्त आहे’ हा बाकीचा, अनुकूल. ‘एकशेवीस म्हणजे खरे ऐंशी, तरी पुरे’ ही ओळ तर सोन्यासारखी, कारण यात माणसाने जाहिरातीचं विधान घेतलं, खोडलं, स्वतःचा आकडा ठेवला आणि मग होकार दिला. अशी ओळ सापडली तर ती निबंधात जशीच्या तशी उद्धृत कर, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन आणि नाव न देता. केंद्रीय मार्ग म्हणजे काय, हे तुझ्या व्याख्येपेक्षा त्या एका ओळीतून जास्त कळेल. ओळींची वर्गवारी करताना शक्य असेल तर एका मैत्रिणीलाही स्वतंत्रपणे तेच करायला सांग. दोघींचं जिथे जुळत नाही त्या ओळी पुन्हा वाच, कारण खूण आणि मुद्दा यांची सीमारेषा तिथेच असते.

इतक्या थोड्या माणसांवरून आकडेवारीचे दावे करू नकोस. तुझे कागद उदाहरण म्हणून वापर, पुरावा म्हणून रेझरचा आणि नऊ मुद्द्यांचा प्रयोग ठेव. आणि एक अडचण येईल ती आत्ताच सांगते. तू समोर उभी राहून “आता नीट बघ हं” म्हणालीस, की गाडी न घेणाराही अभ्यास केल्यासारखा विचार करायला लागेल आणि दोन्ही गट सारखेच दिसतील. त्यापेक्षा चार-पाच वेगवेगळ्या जाहिरातींचे फोटो एकामागे एक दाखव, स्कूटरची मधे कुठेतरी ठेव, आणि कुठल्या जाहिरातीबद्दल लिहायचं ते सगळे फोटो बघून झाल्यावरच सांग. रेझरच्या प्रयोगातही ती एक जाहिरात पुस्तिकेत बाकीच्यांमध्ये मिसळली होती ती याचसाठी. सगळं झालं की प्रत्येकाला खरं काय तपासत होतीस ते सांगून टाक, आणि कुणी कागद परत मागितला तर देऊन टाक.

तुझी,
ताई